त पुढे की मागे

दादा पहिल्यांदा आले तेव्हा मी स्टाफरूममध्ये बारावीच्या चाचणीचे पेपर तपासत होते. शिपायानं सांगितलं, सारंगखेड्याहून कोणी शेतकरी आलेत, भेटायचं म्हणतात. मला वाटलं, कुणाचा तरी पालक असेल, मार्क वाढवून मागायला आला असेल. आत आला तो साठीच्या आसपासचा माणूस, पांढरा शर्ट, पांढरी टोपी, हातात प्लास्टिकची फाइल. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. आधी दाराकडे पाहिलं, मग शेजारच्या टेबलावर डुलक्या काढणाऱ्या भूगोलाच्या सरांकडे, आणि मग फाइल उघडून दोन कागद माझ्यासमोर ठेवले.

"मॅडम, हाई अरबी शे ना? तुमले वाचता येस ना?"

"येते. कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमना प्रिन्सिपल. आते सांगा, तुम्ही ह्या कंपनीवालाले वळखतस का?"

कंपनीचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. तसं सांगितलं तरी त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही. दोन-तीन वेळा फिरवून फिरवून तेच विचारलं: माझ्या सासरचं कोणी बियाण्याच्या धंद्यात आहे का, माहेरचं कोणी गुजरातेत असतं का. मला राग यायला हवा होता. पण मी स्वतः त्याच जातीची आहे. भाजीवालीनं एक टोमॅटो जास्त टाकला तरी मी पिशवी उलटी करून बघते. त्यामुळे त्यांचं विचारणं मला आवडलंच म्हणा.

प्रकरण असं होतं. तापीकाठच्या सात-आठ गावांतल्या शेतकऱ्यांनी मिळून उत्पादक कंपनी काढली होती आणि दादा तिचे अध्यक्ष होते. केळी, पपई आणि मिरची. मिरचीला दोन वर्षं मर लागत होती. हिरवीगार झाडं दुपारी माना टाकायची ती परत उभी राहायची नाहीत. तेवढ्यात एक विक्री प्रतिनिधी आला. जमिनीत घालायची जैविक भुकटी, परदेशात सिद्ध झालेली, असं त्याचं म्हणणं. पुरावा म्हणून त्यानं एक अरबी शोधनिबंधाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स दिली, आणि एक रंगीत पत्रक, ज्यात तोच अरबी सारांश छापून खाली त्याचं इंग्रजी दिलेलं. दादांना भुकटी घ्यायच्या आधी कृषी विज्ञान केंद्रातल्या शास्त्रज्ञांचा सल्ला हवा होता. शास्त्रज्ञ म्हणाले, पत्रकातलं इंग्रजी मी धरणार नाही, कुणा जाणत्याकडून मूळ अरबीचं भाषांतर करून आणा.

"मोबाइलवर करी दखं," दादा म्हणाले. "मोबाइल म्हणस, मर जाई. पत्रक बी म्हणस, मर जाई. दोन्ही एकच बोलतस म्हणून माले जास्त शंका ई ऱ्हायनी."

मी कागद ठेवून घेतले.

माझं अरबी मदरशातलं. खापरला वडिलांचं कापडाचं छोटं दुकान होतं. पाचवीनंतर त्यांनी मला मुलींच्या मदरशात घातलं, तिथे मी आलिमाचा, म्हणजे धर्मविद्येचा, कोर्स पूर्ण केला, आणि मग बाहेरून बारावी देऊन मी इंग्रजीत बी.ए., एम.ए. केलं. घरातल्या अर्ध्या लोकांना वाटलं, दीन, म्हणजे धर्म, शिकलेली मुलगी इंग्रजीकडे गेली म्हणजे हातची गेली. कॉलेजातल्या अर्ध्या लोकांना वाटलं, मदरशातून आलेली ही इंग्रजी काय शिकवणार. दोन्हीकडून संशय सोसल्यामुळे असेल, पण अरबीतून इंग्रजीत काही नेताना मला कायम कुणीतरी मागे उभं राहून बघतंय असं वाटतं. गेली काही वर्षं मी एका भाषांतर संस्थेसाठी शोधनिबंधांचे सारांश करते. शाळा-कॉलेज सुटल्यावर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर.

त्या रविवारी सकाळी झेरॉक्स पसरली. शाई फिकी होती, डावीकडची कड काळवंडलेली. सारांश एका संशोधिकेचा, एका अरब देशातल्या कृषी महाविद्यालयातल्या. सगळा मिळून पाच वाक्यांचा, आणि त्यातलं तिसरं वाक्य एकटंच सात ओळींचं.

अरबी विद्वान माणसाला पूर्णविरामाची घाई नसते. एक 'आणि', त्यावर दुसरा 'आणि', मधे 'जी', तिच्या पोटात आणखी एक 'जी', असं वाक्य चालतच राहतं. वाचणाऱ्याला त्यात अडचण येत नाही, कारण शब्दांना लिंग असतं. 'जी' स्त्रीलिंगी आली की ती मातीला लागते, भुकटीला नाही, हे आपोआप कळतं, कारण अरबीत माती स्त्रीलिंगी आणि तिथे वापरलेला भुकटीचा शब्द पुल्लिंगी. इंग्रजीत तो आधार नाही. 'विच' म्हटलं की ती माती, भुकटी, शेत, कशालाही चिकटते. म्हणून मी आधी पेन्सिलीनं मुख्य क्रियापदाला गोल करते, मग प्रत्येक पोटवाक्य चौकटीत घालते आणि बाण काढून ते कुणाचं आहे ते दाखवते. मग वाक्य तोडायचं. पण तोडताना एक भीती असते. लांब वाक्याच्या शेवटी लेखक एखादी अट टाकतो, ती सगळ्या वाक्यावर असते. आपण मधे पूर्णविराम दिला की अट फक्त शेवटच्या तुकड्यापुरती उरते आणि आधीचे तुकडे बिनधास्त मोकळे सुटतात.

तिसरं वाक्य साधारण असं होतं: निष्कर्षांनी दाखवलं की निर्जंतुक केलेल्या मातीत रोपांना हे औषध दिल्यावर मर लागण्याचं प्रमाण कमी झालं, आणि शेतातल्या मातीत, जी आधी उन्हात तापवून घेतलेली होती, ते मिसळल्यानं मर कमी होऊ शकेल, विशेषतः लागवडीनंतरच्या पहिल्या आठवड्यांत, आणि याचं कारण मुळांभोवतीच्या उपयुक्त जिवाणूंची वाढ हे असावं असं दिसतं, आणि हे सगळं प्रयोगाच्या परिस्थितीच्या मर्यादेत.

पत्रकातलं इंग्रजी याच्या शेजारी ठेवलं आणि मला हसू आलं, मग राग आला. सात ओळींची चार टुमदार वाक्यं केलेली. औषध मर कमी करतं. शेतात कमी करतं. उपयुक्त जिवाणू वाढवतं. पहिल्या आठवड्यापासून गुण. तापवलेली माती कुठे गेली पत्ता नाही. 'होऊ शकेल' गेलं, 'असावं असं दिसतं' गेलं, 'प्रयोगाच्या मर्यादेत' गेलं. वाचायला मात्र माझ्या कुठल्याही भाषांतरापेक्षा सोपं. मोबाइलनंही तेच केलं होतं, फक्त जरा कमी चलाखीनं.

उन्हात तापवलेली माती म्हणजे उन्हाळ्यात पाणी देऊन, वर पारदर्शक प्लास्टिक अंथरून, काही आठवडे तापवून घेतलेली. त्यानं मातीतली मर आणणारी बुरशी अर्धी आधीच मरते. म्हणजे गुण प्लास्टिकचा की भुकटीचा, हा पहिला प्रश्न. आणि तोच शब्द पत्रकातून गाळलेला. मी मनाशी म्हटलं, हा माणूस लबाड आहे, आणि हे भाषांतर मी असं करीन की त्याला कुठून बोट घालायला जागा राहणार नाही.

चार इंग्रजी वाक्यं केली. 'माती' हा शब्द तीनदा लिहिला, 'ती' आणि 'जी' टाळून. प्रयोगाच्या मर्यादेची अट उचलून सगळ्यांत पुढे आणली, म्हणजे ती सगळ्यांना लागू राहील. 'होऊ शकेल'साठी 'मे'. 'असं दिसतं'साठी 'अपिअर्स'. दोनदा मोठ्यानं वाचलं. दादांनी दुसऱ्या दिवशी येऊन कागद नेला आणि तिथेच उभं राहून, समजत नसूनही, प्रत्येक ओळीवर बोट फिरवलं.

पुढच्या शनिवारी त्यांचा फोन आला. संचालकांची बैठक आहे, कंपनीचा माणूसही येणार आहे, तुम्ही या. मी शहाद्याच्या बसनं गेले. ऑफिस म्हणजे केळीच्या गोदामाला लागून एक खोली, भिंतीवर पाण्याच्या पाळ्यांचा तक्ता, आठ-नऊ खुर्च्या. प्रतिनिधी आधीच आलेला. तिशीतला, नीटस, बोलायला गोड. त्यानं माझं भाषांतर वाचलेलं होतं.

"मॅडमनी खूप मेहनत घेतली," तो म्हणाला. "फक्त एक अडचण आहे. जिथे मूळ लेखिका ठामपणे सांगते तिथे मॅडमनी 'कदाचित' घातलंय. मुळात 'क़द' असा शब्द आहे. मी नंदुरबारच्या हाफिजसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, 'क़द' म्हणजे निःसंशय. खात्रीनं. कुराणात जागोजागी तसाच आहे."

खोलीत कुजबुज झाली. मी म्हणाले, 'क़द'चे दोन अर्थ आहेत. भूतकाळी क्रियापदाआधी आला तर 'खरोखर झालं'. वर्तमानकाळी क्रियापदाआधी आला तर बहुतेक वेळा 'होऊ शकतं'. इथे क्रियापद वर्तमानकाळी आहे.

"म्हणजे एकच शब्द, हो बी आणि कदाचित बी?" कोपऱ्यातला एक संचालक म्हणाला.

"हो."

"भारी शे!" तो म्हणाला आणि दोघं-तिघं हसले.

दुसरा एकजण, केळीच्या बागा असलेला, हसला नाही. त्यानं सरळ विचारलं, "मॅडम, तुम्हाला हे औषध येऊ नये असं कोणी सांगितलंय का?"

मी दादांकडे पाहिलं. ते काही बोलतील असं वाटलं होतं. ते पाण्याच्या तक्त्याकडे बघत होते. मग म्हणाले, "हाफिजसाहेब मोठा मानूस शे. त्यासनं बी ऐकनं पडी."

मी पर्स उचलली आणि बसस्टँडवर येऊन उभी राहिले. बसमध्ये खिडकीला डोकं टेकून सगळ्यांना मनातल्या मनात उत्तरं देत राहिले. मदरशात व्याकरणाच्या बाईंनी 'क़द'चा धडा छडी हातात घेऊन पाठ करून घेतला होता. आणि आता मिरचीवाल्यांसमोर मला तो धडा सिद्ध करायचा होता, तोही एका माणसाविरुद्ध, ज्याच्याकडे मी स्वतः लहानपणी कायदा, म्हणजे अरबीची पहिली अक्षरं, शिकले होते. हाफिजसाहेब तेव्हा खापरच्या मशिदीत होते. त्यांनी माझ्याविरुद्ध सांगितलं, तेही मला न विचारता, हे मला सगळ्यांत लागलं. त्यांना त्या माणसानं काय दिलं असेल, असाही विचार आला. तो आला याची आता लाज वाटते, पण आला होता.

दुसऱ्या दिवशी असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या, नमाजीनंतर त्यांच्या घरी गेले. हाफिजसाहेब आता ऐंशीच्या जवळ, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, खाटेवर बसून रेडिओ दुरुस्त करत होते. मला बघून आनंदले. मी मात्र सलाम झाल्या झाल्या विषयाला हात घातला.

"हाफिजसाहेब, तुम्ही त्या औषधवाल्याला काय सांगितलंत?"

"बेटी, त्यानं फोनवर फोटो पाठवला, मी वाचून सांगितलं. 'क़द' म्हणजे यक़ीनन. त्यात चुकलं काय?"

"पुढे क्रियापद वर्तमानकाळी आहे. तुम्हाला दिसलं नाही?"

त्यांचा चेहरा एकदम बदलला. शिष्यानं उस्तादाला चूक दाखवावी हे त्यांना रुचलं नाही. "मला अलिफ-बे शिकवू नकोस," ते म्हणाले. "मी वर्तमानकाळी वाचलं नाही. भूतकाळी होतं. डोळे गेलेत, अक्कल गेलेली नाही."

"वर्तमानकाळीच आहे."

"भूतकाळीच होतं."

सून चहा घेऊन आली, आमचे चेहरे बघून कप ठेवून परत गेली. शेवटी मी फाइल उघडली. त्यांनी फोन काढला, चष्मा चढवला, फोटो मोठा केला. फोटो रंगीत पत्रकाचा होता. मी तोवर पत्रकातलं फक्त इंग्रजी वाचलं होतं; त्याच्या वरचं अरबी म्हणजे झेरॉक्समधलंच, असं धरून चालले होते. मी, जी टोमॅटो मोजते.

दोन्ही शेजारी ठेवले. हाफिजसाहेबांनी बोट पत्रकावर ठेवलं. "वाच."

मी वाचलं. 'क़द क़ल्ललत'.

"आता तुझं वाच."

'क़द तुक़ल्लिलु.'

चारच अक्षरं. त, क़, ल, ल. अरबीत जेर-जबर, म्हणजे स्वरांच्या खुणा, सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे कागदावर उरतात ती एवढीच. 'त' सुरुवातीला असला तर क्रियापद वर्तमानकाळी, आणि 'क़द'सकट अर्थ 'कमी करू शकेल'. तोच 'त' उचलून शेवटी ठेवला तर भूतकाळी, आणि 'क़द'सकट अर्थ 'खरोखर कमी केली'. झेरॉक्समध्ये 'त' पुढे होता. पत्रकात मागे.

हाफिजसाहेबांनी दोन्हींतल्या 'त'वर आळीपाळीनं बोट ठेवलं. मग म्हणाले, "तू पण बरोबर, मी पण बरोबर. मग खोटा कोण?"

"पत्रक."

"कशावरून? दोन्ही कागद आले कुठून?"

तो प्रश्न मला सुचायला हवा होता. दोन्ही कागद त्याच माणसाकडून आले होते. झेरॉक्स फिकी, कडेला काळी. तीच बदललेली असली तर? म्हटलं, आपला माल कमी दाखवायला कोण बदलेल? हाफिजसाहेब म्हणाले, "छापणाऱ्याची चूक दोन्हीकडे होऊ शकते. बाईंना विचार. जिनं लिहिलं तिला."

झेरॉक्सच्या तळाशी संशोधिकेचा ई-मेल पत्ता होता, अर्धवट उमटलेला. एक अक्षर ओळखता येत नव्हतं. हाफिजसाहेबांचं भिंग आणि माझा अंदाज मिळून दोन शक्यता निघाल्या. मी दोन्ही पत्त्यांवर अरबीत पत्र लिहिलं: मी कोण, कुठली, इथले शेतकरी काय लावतात, कोणत्या दोन पाठांमध्ये मी अडकले आहे. सोबत माझं इंग्रजी भाषांतरही जोडलं. का जोडलं ते मला माहीत आहे. तिनं म्हणावं, किती छान केलंस.

एका पत्त्यावरचं पत्र लगेच परत आलं. दुसऱ्यावरून नऊ-दहा दिवस काही नाही. त्या काळात प्रतिनिधीचा मला दोनदा फोन आला. एकदा गोड, एकदा कमी गोड. दादांचा एकदाही नाही. बाजारात त्यांच्या गावची एक ओळखीची बाई भेटली, ती म्हणाली, तुम्ही दुसऱ्या कंपनीच्या आहात असं लोक म्हणतात. मी विचारलं, कोणत्या? तिला माहीत नव्हतं.

उत्तर आलं ते दुपारी, मधल्या सुट्टीत. सोबत मूळ निबंधाची स्वच्छ प्रत. तिसऱ्या वाक्यात 'त' पुढे होता. 'तुक़ल्लिलु.' कमी करू शकेल. मी भूगोलाच्या सरांना न विचारता त्यांच्या डब्यातला लाडू उचलला.

मग खालचं पत्र वाचलं. ते असं होतं, माझ्या मराठीत:

"बहिणी, सलाम. शेतातल्या वाक्यात मी 'क़द' मुद्दाम वर्तमानकाळाआधी लिहिला आहे. शेतातला प्रयोग एकाच हंगामाचा होता आणि माती तापवलेली होती. मी त्यापुढे एक पाऊलही टाकलेलं नाही. तुमच्याकडच्या पत्रकात ते बदललेलं पाहून मला वाईट वाटलं. पण तुमच्या भाषांतराबद्दलही मला तक्रार आहे. कुंड्यांतल्या प्रयोगाबद्दल मी लिहिलं आहे, 'व क़द अज़्हरत'. तो भूतकाळ आहे. निष्कर्षांनी दाखवलं. तुम्ही लिहिलंत, निष्कर्ष असं सुचवताना दिसतात. का? तो प्रयोग आम्ही पुन्हा पुन्हा केला होता. माझी शंका मी जिथे ठेवली आहे तिथेच राहू द्या. जिथे ठेवलेली नाही तिथे तुमची आणून ठेवू नका. त्यांनी माझं वाक्य पुढे ढकललं, तुम्ही मागे ओढलंत."

मी माझं भाषांतर उघडलं. खरंच होतं. 'सीम टु सजेस्ट'. ते मी केव्हा लिहिलं ते आठवेना. पेन्सिलीच्या खुणा काढल्या, तिथे 'अज़्हरत'ला गोल होता, बाजूला माझ्याच अक्षरात 'भूत., ठाम' असंही लिहिलेलं. म्हणजे कळलं होतं. तरी हातानं दुसरंच लिहिलं. पत्रक बघून मला त्या माणसाचा राग आला होता, त्याच्या हाती एकही ठाम वाक्य जाऊ नये असं वाटलं होतं, आणि ते मी त्या बाईच्या वाक्यातून वसूल केलं होतं. बैठकीत त्या केळीवाल्यानं विचारलं होतं, हे औषध येऊ नये असं कोणी सांगितलंय का. मी संतापून उठून आले होते. कोणी सांगितलं नव्हतं हे खरं. पण येऊ नये असं मला वाटत होतं, हेही खरं होतं.

उरलेला लाडू मी कागदात गुंडाळून ठेवला.

भाषांतर दुरुस्त केलं आणि परत तिला पाठवलं. या वेळी तिनं फक्त एक स्वल्पविराम हलवला आणि लिहिलं, आता माझं आहे. मग मी दादांना फोन केला. म्हटलं, मला बैठकीत पुन्हा यायचंय. माझीही एक चूक सांगायची आहे.

त्यांनी पलीकडे कुणाला तरी पंप बंद करायला सांगितलं. मग ते म्हणाले, "चूक सांगाले? या."

दुसऱ्या बैठकीला प्रतिनिधी होताच. मी हाफिजसाहेबांनाही घेऊन गेले. रिक्षा, बस, पुन्हा रिक्षा असं करत. त्यांनी वाटेत तीनदा विचारलं, मला भाषण द्यावं लागेल का. नाही म्हटल्यावर जरा हिरमुसले.

फळ्यावर मी ती चार अक्षरं लिहिली. आधी 'त' पुढे, मग 'त' मागे. ज्यांना अरबीचं एक अक्षर येत नाही अशा नऊ माणसांनी ती बघितली. हाफिजसाहेबांनी बसल्या जागेवरून दोन्ही वाचून दाखवली आणि म्हणाले, "मी ह्यांना पत्रक वाचून सांगितलं. जे लिहिलं होतं ते सांगितलं. मूळ कागदात दुसरं आहे. बेटी बरोबर आहे."

सगळे प्रतिनिधीकडे वळले. तो म्हणाला, पत्रकाचं अरबी पुन्हा टाइप करून घेतलं होतं, डिझाइन करणाऱ्याला अरबी येत नाही, अक्षर मागेपुढे झालं असेल. हे शक्य होतं. अरबी न येणाऱ्याच्या संगणकावर अक्षरं उलटसुलट होताना मी स्वतः पाहिलेली आहेत. पण मग तापवलेली माती पत्रकाच्या इंग्रजीतून कशी गेली? ते मी विचारलं. तो म्हणाला, जागेअभावी. त्याच्या कपाळावर घाम होता, पण खोलीत पंखाही बंद होता. तो खोटं बोलत होता की नव्हता हे मला आजही सांगता येणार नाही. दादांनाही नाही. आम्ही त्यावर नंतर बोललो आहोत.

मग मी माझी चूक सांगितली. निर्जंतुक मातीतल्या कुंड्यांत औषधानं मर कमी झाली, हे तिनं ठाम सांगितलंय आणि ते ठामच आहे. मी ते उगाच मऊ केलं होतं. का केलं तेही सांगितलं. केळीवाला संचालक मान हलवत होता. मला वाटलं, आता म्हणेल, बघा, मी म्हणालो नव्हतो का? तो म्हणाला, "म्हणजे औषधात काही तरी आहे."

"कुंडीत आहे. शेतात असू शकेल. आणि माती तापवलेली असली तर."

"आमची तापवलेली नाही."

"नाही."

प्रतिनिधीनं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या बाजूनं मी काही बोलेन हे त्याला अपेक्षित नसावं. जाताना त्यानं नमस्कार केला, पत्रकाचा गठ्ठा मात्र टेबलावर न ठेवता परत घेऊन गेला.

दुरुस्त भाषांतर शास्त्रज्ञांकडे गेलं. त्यांनी वाचून दोन ओळी लिहून दिल्या: सगळ्यांनी घेऊ नये, उन्हाळ्यात चार तुकडे करून बघा, एक नुसता तापवलेला, एक नुसता भुकटीचा, एक दोन्हींचा, एक काहीच नसलेला. दादांनी स्वतःच्या शेतातला विहिरीलगतचा तुकडा दिला. एप्रिलमध्ये प्लास्टिक अंथरलं तेव्हा मला बोलावलं. कडा मातीनं दाबायला चार बायका होत्या, मी पाचवी झाले. दादा बांधावर उभे राहून कुठे फट राहिलीय का ते बघत होते.

मिरची लागली, वाढली. नुसत्या भुकटीच्या तुकड्यात आणि काहीच नसलेल्या तुकड्यात मर सारखीच लागली. तापवलेल्या दोन्ही तुकड्यांत कमी लागली, आणि भुकटी असलेल्यात जरा आणखी कमी, पण इतकी थोडी की शास्त्रज्ञांनी एका हंगामावरून काही सांगायला नकार दिला. दादांना ते पटलं नाही. इतकं करून शेवटी 'कदाचित'च का, असं ते मला विचारत होते. मी म्हटलं, माझ्याकडे दुसरा शब्द नाही.

"बरं," ते म्हणाले. "पन आवंदा प्लास्टिक मोठं आनसूत."

मी ही हकिकत संशोधिकेला लिहिली. तिनं चार तुकड्यांचे फोटो मागवले आणि सोबत एक नवा सारांश पाठवला, टोमॅटोचा. त्यातलं दुसरं वाक्य नऊ ओळींचं आहे. पेन्सिल घेऊन बसले आहे. मुख्य क्रियापद अजून सापडलेलं नाही.